एका बोटाचे सव्वा पिकोफॅरड

टच पॅनेल असलेल्या इंडक्शन शेगडीवर दूध उतू गेले की एक गंमत होते. दूध ओघळत बटणांपर्यंत पोचते आणि शेगडी पीं-पीं करत बंद पडते, नाहीतर भलताच आकडा दाखवू लागते. कुणी बटण दाबलेले नसते. खरे तर दाबायला तिथे बटणच नसते. काचेखाली धातूची एक छोटी स्प्रिंग काचेला खालून टेकलेली असते आणि तिला जोडलेली चिप सेकंदाला अनेकदा एकच प्रश्न विचारत असते: या धातूच्या आसपास आता नेहमीपेक्षा काही वेगळे आहे का? दूधही विजेला वाट देते आणि बोटही देते. दोघांतला फरक त्या चिपला नीट कळत नाही.

हा प्रश्न विचारण्याच्या पद्धती अनेक आहेत. त्यांतली सगळ्यात साधी पद्धत घरच्या टेबलावर करून बघता येते. आर्डुइनो उनो, एक मेगाओहमचा एक रेझिस्टर आणि तांब्याचा एक तुकडा एवढेच सामान लागते. सेन्सर म्हणून विकत आणायची वस्तू एकही नाही. तांब्याचा तुकडा म्हणजे पंधरा मिलिमीटर व्यासाची चकती, पीसीबीवर कोरलेली किंवा कॉपर टेपमधून कापलेली. चकती उनोच्या 2 क्रमांकाच्या पिनला जोडायची आणि त्याच पिनपासून पाच व्होल्टपर्यंत रेझिस्टर लावायचा. जोडणी झाली.

आता आत काय घडते ते बघू. दोन वाहक एकमेकांजवळ आले आणि मध्ये हवा, प्लॅस्टिक किंवा काच असली की त्यांचा कपॅसिटर होतो, म्हणजे त्यांच्यात थोडा विद्युतभार साठू शकतो. आपली चकती एकटी दिसत असली तरी तिच्याजवळ बोर्डाची ग्राउंडची तांब्याची पट्टी असते, तार असते, चिपची पिनही असते. या सगळ्यांची मिळून साठवण्याची क्षमता, म्हणजे कपॅसिटन्स, आपल्या मांडणीत 15 पिकोफॅरडच्या आसपास धरू. पिकोफॅरड हे फार छोटे माप आहे. पंख्याच्या कपॅसिटरवर अडीच मायक्रोफॅरड असे लिहिलेले असते, ते याच्या दीड लाख पटींहून जास्त होते.

आपले शरीर खारट पाण्याने भरलेले, म्हणजे चांगले वाहक. शिवाय ते आकाराने मोठे असल्यामुळे जमिनीशी त्याचा स्वतःचा शंभरएक पिकोफॅरडचा कपॅसिटर कायम जोडलेला असतो. त्यामुळे बोट चकतीजवळ आले की चकतीच्या कपॅसिटन्समध्ये थोडी भर पडते. ही भर मोजता आली की स्पर्श ओळखता आला.

ती थेट मोजायचे साधन उनोकडे नाही. पण वेळ मोजण्यात तो हुशार आहे, कारण त्याच्या आतले घड्याळ सेकंदाला एक कोटी साठ लाख टोले देते. म्हणून आपण कपॅसिटन्सचे रूपांतर वेळेत करतो. पिन आधी आउटपुट करून शून्यावर आणायची, म्हणजे चकतीवरचा सगळा भार निघून जातो. मग तीच पिन इनपुट करायची, म्हणजे ती चकतीला धरून ठेवायचे सोडते. आता पाच व्होल्टकडून रेझिस्टरमधून प्रवाह येऊ लागतो आणि चकतीचा व्होल्टेज चढू लागतो. बारीक धारेच्या नळाखाली कळशी लावल्यासारखेच हे आहे: धार तीच ठेवली तर कळशी भरायला किती वेळ लागला यावरून कळशी केवढी ते सांगता येते. रेझिस्टर ही आपली धार आहे.

कळशी काठोकाठ भरेपर्यंत मात्र थांबायचे नाही. उनोवरची ATmega328P ही चिप पिनवरचा व्होल्टेज पुरवठ्याच्या साधारण निम्म्यावर गेला की '0' ऐवजी '1' वाचू लागते. तिथपर्यंत पोचायला लागणारा वेळ असा काढतात:

```
t ≈ 0.69 × R × C
```

R एक मेगाओहम आणि C 15 पिकोफॅरड घातले की उत्तर येते 10.4 मायक्रोसेकंद. या पद्धतीत एक सोय आपोआप मिळते. पुरवठा पाचाऐवजी 4.7 व्होल्ट झाला तर 'निम्मा' हा उंबरठाही त्याच प्रमाणात खाली येतो आणि वेळ जवळजवळ तितकाच राहतो. यूएसबीचा व्होल्टेज थोडा इकडेतिकडे झाला म्हणून स्पर्श चुकत नाही.

आता बोटाचा हिशेब करू. चकतीवर दोन मिलिमीटर जाडीचा ॲक्रिलिकचा तुकडा चिकटवला आहे आणि बोटाचा साधारण एक चौरस सेंटिमीटर भाग त्यावर टेकतो आहे. ॲक्रिलिकचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक सुमारे 3, म्हणजे तेवढ्याच जाडीच्या हवेच्या तुलनेत त्याच्यामुळे कपॅसिटन्स तिप्पट होतो. शाळेतल्या समांतर पट्ट्यांच्या सूत्रात हे आकडे घातले की बोटाची भर निघते 1.3 पिकोफॅरड. म्हणजे 15 चे 16.3 झाले आणि 10.4 मायक्रोसेकंदांचे 11.3. साऱ्या स्पर्शाची कमाई एका मायक्रोसेकंदाहूनही कमी, टक्केवारीत नऊ. इथून पुढची सगळी खटपट या नऊ टक्क्यांना जपण्याची आहे.

पहिली अडचण वाचनाच्या वेगाची. आर्डुइनोमध्ये पिन वाचायला सगळे `digitalRead` वापरतात. ते सोयीचे आहे, पण एका वाचनाला तीन-चार मायक्रोसेकंद खाते. दहा मायक्रोसेकंदांत तीनदा डोकावणाऱ्या माणसाला एका मायक्रोसेकंदाचा फरक दिसणार कसा? म्हणून पिनचे रजिस्टर थेट वाचावे लागते. तसे केले की मोजणीच्या एका फेरीला घड्याळाचे आठएक टोले, म्हणजे सुमारे अर्धा मायक्रोसेकंद लागतो. कंपायलर कसा वागतो त्याप्रमाणे हा आकडा थोडा बदलतो, पण त्याने काही बिघडत नाही. आपल्याला तुलनाच करायची आहे.

तरीही बोट नसताना 20-21 फेऱ्या आणि बोट असताना 22-23, एवढाच फरक हाती येतो. त्यावर भरवसा ठेवता येत नाही. उपाय जुनाच आहे: एकदा मोजण्याऐवजी चौसष्ट वेळा मोजून बेरीज घ्यायची.

```
uint16_t mojani() {
  uint16_t ekun = 0;
  for (uint8_t i = 0; i < 64; i++) {
    uint16_t n = 0;
    DDRD |= (1 << 2);        // पिन शून्यावर
    delayMicroseconds(300);
    noInterrupts();
    DDRD &= ~(1 << 2);       // पिन सोडली
    while (!(PIND & (1 << 2)) && n < 1000) n++;
    interrupts();
    ekun += n;
  }
  return ekun;
}
```

बोट नसताना ही बेरीज 1330 च्या आसपास येते आणि बोट टेकले की 1450 च्या. फरक 120, आता डोळ्यांना दिसण्याजोगा. प्रत्येक मोजणी पूर्ण अंकातच येते, तरी बेरजेत बारकावा उतरतो, कारण पिनवर कायम थोडा विद्युत गोंगाट असतो. त्यामुळे काही मोजण्या 20 वर थांबतात, काही 21 वर, आणि त्यांच्या प्रमाणातून मधला अपूर्णांक कळतो. गोंगाट अजिबात नसता तर चौसष्ट वेळा तोच आकडा आला असता.

या तुकड्यातल्या दोन ओळींकडे जरा थांबून बघायला हवे. मोजणीपुरते इंटरप्ट बंद केले आहेत, कारण आर्डुइनो स्वतःचा वेळ राखण्यासाठी दर मिलिसेकंदाला एकदा चालू काम थांबवतो. ती खोळंबण्याची वेळ नेमकी मोजणीच्या मध्ये आली तर चिप काही मायक्रोसेकंद दुसरीकडे गुंतते, चकती मात्र भरतच राहते आणि मोजणी कमी भरते. आकडे एरवी सरळ येत असताना मधूनच एखादा खाली कोसळत असेल तर आधी इथेच संशय घ्यावा. दुसरी ओळ 300 मायक्रोसेकंद थांबण्याची. चकती रिकामी व्हायला एक मायक्रोसेकंदही पुष्कळ होतो, मग एवढा वेळ कशाला? याचे उत्तर भिंतीतल्या वायरिंगमध्ये आहे. घरातल्या 50 हर्ट्झच्या विजेचा प्रभाव आपल्या शरीरावर सतत असतो आणि बोटामार्फत तो चकतीपर्यंत पोचतो. कधी तो भरण्याला हात देतो, कधी मागे ओढतो. वीस मिलिसेकंदांत त्याचे एक आवर्तन पूर्ण होते. 300 मायक्रोसेकंदांची विश्रांती आणि बारा-तेरा मायक्रोसेकंदांचे मोजणीचे काम असे चौसष्ट वेळा झाले की जवळजवळ बरोबर वीस मिलिसेकंद होतात. अर्ध्या आवर्तनात जेवढे वाढले तेवढे दुसऱ्या अर्ध्यात कमी होते आणि बेरजेतून विजेची गुणगुण बरीचशी निघून जाते. ही विश्रांती काढून टाकली तर चौसष्ट मोजण्या दोन मिलिसेकंदांच्या आत उरकतात आणि बोट स्थिर असतानाही आकडा खालीवर डुलत राहतो.

आकडा लहान वाटला की बहुतेकांना मोठा रेझिस्टर लावावासा वाटतो. एकाऐवजी दहा मेगाओहम लावा, 1330 चे 13,300 होतील आणि फरक 120 चा 1200. ऐकायला छान वाटते. पण टक्केवारी तिथेच राहते, नऊ, कारण ती फक्त कपॅसिटन्सवर ठरते. भरणारा प्रवाह मात्र दहापट रोडावतो. बोटातून येणारी विजेची गुणगुण आहे तेवढीच असते, ती आता त्या रोड प्रवाहापुढे दहापट मोठी ठरते. फुगलेल्या आकड्यात गोंगाटही फुगतो. माझे मत विचाराल तर एक मेगाओहमवर समाधान मानावे आणि कष्ट करायचे ते चकती आणि बोट यांच्यामधल्या जागेवर करावेत.

खरी कमाई त्या जागेतच आहे. ॲक्रिलिक दोनऐवजी एक मिलिमीटर घेतले की बोटाची भर दुप्पट होऊन 2.7 पिकोफॅरडवर जाते. काच घेतली तर आणखी मजा. काचेचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक 7 च्या आसपास असल्यामुळे तीन मिलिमीटर काचेतूनही बोट सुमारे दोन पिकोफॅरडची भर घालते. जाड काच पातळ प्लॅस्टिकला हरवते, हे पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. उलट हवा फार महागात पडते: चकती आणि ॲक्रिलिक यांच्यामध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली तर ती दीड मिलिमीटर जादा ॲक्रिलिकइतकी नडते. शेगडीत स्प्रिंग घालतात ती याचसाठी, काचेला टेकून राहावी आणि हवेला जागा मिळू नये म्हणून. घरी दुहेरी बाजूचा पातळ चिकट टेप पुरतो, फक्त बुडबुडे राहू द्यायचे नाहीत.

मग ॲक्रिलिक काढूनच टाकले तर? उघड्या तांब्यावर बोट ठेवले की शरीराचे जवळपास सगळे शंभर पिकोफॅरड चकतीला जोडले जातात आणि बेरीज दहा हजारांवर जाते. प्रयोगाच्या पहिल्या संध्याकाळी याचा फार आनंद होतो. पण त्याच वाटेने विजेची गुणगुणही पूर्ण जोराने आत येते. आणि कोरड्या थंडीत टेरिकॉटचे कपडे घालून खुर्चीतून उठलेल्या माणसाच्या बोटावर काही हजार व्होल्टची स्थिर वीज असू शकते, तीही थेट चिपच्या पिनवर उतरते. ॲक्रिलिकचा एक मिलिमीटर ती सहज अडवतो. उघडी चकती ठेवायचीच असेल तर निदान चकती आणि पिन यांच्यामध्ये पाच-दहा किलोओहमचा रेझिस्टर घालावा. मेगाओहमपुढे तो नगण्य असल्यामुळे मोजणीला त्याचा त्रास होत नाही.

एवढे जमले की प्रोग्रॅममध्ये `if (mojani() > 1390)` असे लिहून मोकळे व्हावेसे वाटते. दुपारी ते चालतेही. संध्याकाळी दिवा आपोआप लागतो. कारण 1330 हा आकडा काही कोरलेला नाही. तापमान बदलले, हवेतला दमटपणा वाढला, तार जराशी सरकली, शेजारी पाण्याने भरलेला पेला ठेवला, की तो हलतो. पावसाळ्यात तर जास्तच. सोल्डर केल्यावर बोर्डावर राहिलेला फ्लक्स ओल धरतो आणि चकतीपासून ग्राउंडपर्यंत विजेला चोरवाट मिळते. ही गळती दहा मेगाओहमइतकी क्षीण असली तरी भरण्याचा वेळ जवळपास पाच टक्क्यांनी वाढतो, म्हणजे अर्ध्या बोटाएवढा. दहा मेगाओहमचा रेझिस्टर लावलेला असेल तर त्याच गळतीने चकती निम्म्या व्होल्टेजच्या वर जाऊच शकत नाही. मग प्रत्येक मोजणी 1000 च्या मर्यादेला जाऊन आदळते आणि बेरीज थेट 64,000 येते. सोळा बिटांच्या आकड्यात 65,535 च्या वर मावत नाही, म्हणून मर्यादा 1000 ची ठेवली आहे. स्क्रीनवर 64,000 दिसले तर प्रोग्रॅम तपासत बसू नये. जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन बोर्ड धुवावा.

हळूहळू सरकणाऱ्या आकड्यावर उपाय एकच: ठरावीक 1330 शी तुलना न करता 'सध्या बोट नसताना किती' हा आधारांक चिपलाच शिकत राहू द्यायचा. बोट नसताना प्रत्येक मोजणीगणिक आधारांक नव्या आकड्याकडे फरकाच्या 256 व्या भागाने सरकवायचा. सेकंदाला साधारण 50 मोजण्या होतात, म्हणजे आधारांकाला नव्या परिस्थितीशी जुळवून घ्यायला काही सेकंद लागतात. दमट हवा त्याहून सावकाश येते आणि बोट त्याहून फार झटकन. या वेगांच्या फरकावरच सगळा खेळ उभा आहे. आधारांकापेक्षा 60 जास्त असे सलग दोनदा आले की स्पर्श मानायचा आणि तो सोडला असे मानायचे ते फरक 40 च्या खाली आल्यावर, म्हणजे काठावरचे बोट दिवा लुकलुकवत नाही. स्पर्श चालू असेपर्यंत आधारांक गोठवायचा, नाहीतर चिप बोटालाच नेहमीची परिस्थिती समजू लागेल. कुणी पॅनेलवर ओले फडके ठेवून गेले तर? अर्धा मिनिट सतत स्पर्श दिसला की ते बोट नव्हे असे समजून आधारांक तिथे आणायचा. फडके उचलले की आकडा एकदम खाली येईल. खाली येताना मात्र आधारांकाने आस्ते जायचे नाही, लगेच उतरायचे. यंत्र चालू करतानाच कुणाचे बोट चकतीवर असले तर तीही चूक याच नियमाने सुटते.

इथे एक छुपा खड्डा आहे. आधारांक साधा पूर्णांक ठेवला आणि फरकाला 256 ने भागले, तर फरक 255 पर्यंत असला तरी भागाकार शून्यच येतो. आधारांक तसूभर हलत नाही आणि आपण मात्र तो शिकतो आहे या समजुतीत असतो. लक्षण ओळखीचे: सकाळी लावल्यावर ठीक, दिवसभरात हळूहळू अडेलतट्टू, बंद करून चालू केले की पुन्हा ठीक. आधारांक 256 ने गुणून `long` मध्ये ठेवला की प्रश्न मिटतो.

शेवटची तक्रार हमखास येते ती जागा बदलल्यावर. लॅपटॉपला जोडून छान चाललेला दिवा पॉवर बँकेवर लावला की मंदपणे वागतो, बोट जोरात दाबावे लागते. बोटातून गेलेल्या प्रवाहाला सर्किटच्या ग्राउंडपर्यंत परत यावे लागते. लॅपटॉप, त्याचा चार्जर आणि घराचे वायरिंग मिळून ही परतीची वाट चांगली रुंद असते. टेबलावर एकट्या पडलेल्या छोट्या डबीला जमिनीशी तेवढे नाते नसते, म्हणून 120 चा फरक कमी होतो. खात्री करायला दुसऱ्या हाताने उनोच्या यूएसबी सॉकेटच्या धातूला हात लावा. आकडा ताडकन वाढला तर दोष परतीच्या वाटेचा आहे. डबीच्या तळाला पत्रा किंवा ॲल्युमिनियम फॉइल लावून ते ग्राउंडला जोडले की बराच फरक पडतो. आणि बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूचा उंबरठा बॅटरीवर असतानाच ठरवावा, लॅपटॉपला जोडून ठरवू नये.

हे सगळे आयते देणारी मंडळीही आहेतच. आर्डुइनोसाठी `CapacitiveSensor` नावाची लायब्ररी याच तत्त्वावर चालते, फक्त एकाऐवजी दोन पिना वापरते. मूळ ESP32 मध्ये तर स्पर्शासाठी दहा पिना आणि मोजणीचे सर्किट चिपमध्येच असते. तिथे `touchRead` चा आकडा बोट टेकल्यावर वाढत नाही, कमी होतो, कारण ठरावीक वेळात चकती किती वेळा भरून रिकामी झाली ते तो मोजतो. TTP223 ची पिटुकली तयार पट्टी आधारांकाचे कामही स्वतःच सांभाळते.

फक्त टेबललॅम्प लावायचा-विझवायचा असेल तर TTP223 आणा आणि मोकळे व्हा. पण स्पर्श काचेमागून, लाकडी फळीमागून किंवा कुंडीतल्या रोपाच्या पानावर ओळखायचा असेल, तर एक मेगाओहमचा रेझिस्टर लावून आधी आपल्या चकतीचे आकडे दिवसभर स्क्रीनवर पाहा. उंबरठा किती ठेवायचा ते त्यानंतर ठरवा.